भागाला सोळाशे श्रोते, वर्षाला किती रुपये?

आमचा पॉडकास्ट हाउसिंग सोसायट्यांच्या कारभारावर आहे. मामा बोलतात, मी प्रश्न विचारते आणि नंतर एडिट करते. मामांची सगळी नोकरी सोसायट्यांच्या लेखापरीक्षणात गेली. सिंकिंग फंड, ना हरकत दाखला, मानीव अभिहस्तांतरण असले शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात आणि ते सोपे करून सांगायची हौसही आहे. महिन्याला दोन भाग, अर्ध्या तासाच्या आसपास एकेक. रेकॉर्डिंग डोंबिवलीत मामांच्या आतल्या खोलीत होतं. गोदरेजच्या कपाटावर गोधड्या लटकवायच्या, पंखा बंद करायचा आणि खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या संपायची वाट बघायची.

पॉडकास्ट सुरू करायचा म्हणणारे ओळखीचे लोक "पैसे मिळतात का?" असं विचारतात. मिळतात, पण किती आणि कुठून ते एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या एका वर्षाचा आमचा हिशेब इथे मांडते. त्या वर्षी २४ भाग झाले. आधीची दीड-दोन वर्षं आम्ही खिशातूनच घालत होतो, ती यात धरलेली नाहीत.

आधी श्रोते मोजायचे कसे ते सांगायला हवं, कारण पैशाची प्रत्येक बोलणी त्या आकड्यापासून सुरू होते आणि नव्या माणसाची पहिली चूकही तिथेच होते. आमचे भाग ज्या इंटरनेट सेवेवर ठेवलेले असतात त्या होस्टिंगच्या पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात दिसतो तो सगळ्या भागांचा सुरुवातीपासूनचा एकत्र आकडा. तो छान दिसतो, पण जाहिरातदाराच्या उपयोगाचा नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: एक भाग आल्यापासून ३० दिवसांत किती डाउनलोड झाले. डाउनलोडचीही व्याख्या ठरलेली आहे. आयएबी या जाहिरात उद्योगाच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे किमान एक मिनिटाचा ऑडिओ फोनवर उतरला तरच तो मोजायचा आणि त्याच यंत्रावरून २४ तासांत पुन्हा मागणी आली तर ती धरायची नाही. आमच्या आधीच्या होस्टिंगवर भागाला २,९०० दिसायचे. हे नियम पाळणाऱ्या सेवेवर गेलो आणि आकडा १,६०० वर आला. श्रोता एकही कमी झाला नव्हता, मोजणी खरी झाली होती. मामांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "ताळेबंद जुळला," म्हणाले.

तर सरासरी १,६००. पण ही सरासरी वर्षभर सारखी नसते. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे जुलैपासून सेक्रेटरी-खजिनदार मंडळी जागी होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे भाग २,३०० पर्यंत जातात. मे महिन्यात सगळे गावाला गेलेले असतात, तेव्हा ११५०. हा चढउतार पुढे फार कामाला आला.

सुरुवातीला आम्ही सगळे जातात त्या वाटेने गेलो. पॉडकास्टना जाहिराती मिळवून देणाऱ्या एका एजन्सीला ईमेल केला. दर हजार डाउनलोडला अमुक रुपये, असा तिथला भाव. आम्हाला सांगितला गेला तो हजाराला २५० रुपये, त्यातले ३० टक्के एजन्सीचे. म्हणजे १,६०० डाउनलोडच्या भागात एका जाहिरातीचे ४०० रुपये, दोन टाकल्या तर ८००, हातात ५६०. वर्षाचे २४ भाग धरले तर साडेतेरा हजारांच्या आत. आणि एवढं गणित करूनही उपयोग नव्हता, कारण त्यांची किमान अट भागाला दहा हजार डाउनलोडची होती.

मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, ती अट त्यांच्या बाजूने बरोबरच होती. हजाराच्या भावाने विकत घेणाऱ्याला श्रोता कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला डोकी हवी असतात. साबण किंवा अ‍ॅप विकणाऱ्याला सोसायटीचा खजिनदार आणि कॉलेजचा मुलगा सारखेच. आमच्याकडे डोकी कमी आहेत आणि ती कायम कमीच राहणार. मग ज्याला हीच डोकी हवी आहेत असा माणूस शोधायला हवा, हे कळायला आम्हाला आठ महिने लागले, आणि शेवटी तो माणूसच आमच्याकडे आला.

ठाणे जिल्ह्यातला वॉटरप्रूफिंगचा एक कंत्राटदार. गच्चीची गळती या विषयावरचा आमचा भाग त्याच्या गिऱ्हाइकाने त्याला पाठवला होता. फोनवर म्हणाला, "काका, माझं नाव घ्या की मधे. किती द्यायचे?" मामांनी फोन माझ्याकडे दिला. किती सांगायचे ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यालाच विचारलं की नवीन काम आणून देणाऱ्याला तुम्ही काय देता. तो म्हणाला, प्लंबर किंवा ओळखीचा माणूस काम आणतो, त्याला दोन टक्के. सोसायटीचं काम साधारण चार लाखांचं, म्हणजे एका कामाला आठ हजार. शिवाय पत्रकं छापून वर्तमानपत्रात टाकायचा खर्च वेगळा, आणि त्यातून काय येतं ते कुणालाच माहीत नाही. त्यावरून आम्ही ठरवलं: तीन महिने, सहा भाग, भागाला ३,००० रुपये. तीन महिन्यांत दोन कामं मिळाली तर त्याचा खर्च जवळजवळ वसूल, एक मिळालं तर महाग, एकही नाही मिळालं तर पुन्हा येणार नाही. हे सगळं त्याच्याशी याच शब्दांत बोललो.

हजाराच्या हिशेबात बसवलं तर ३,००० रुपये म्हणजे हजारी १,८७५ होतात, एजन्सीच्या भावाच्या साडेसात पट. त्याने हे गणित केलंच नाही, त्याला करायचं कारणही नव्हतं.

जाहिरातीचा मजकूर त्याने पाठवला तो असा सुरू होत होता: "दर्जेदार, विश्वासार्ह व तत्पर सेवेसाठी एकमेव नाव". मामांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, हे मी वाचलं तर लोकांना वाटेल मामांना ताप आला." मग त्यांनी स्वतःच बोलून टाकलं: गळती दिसली की आधी पाइप बघा, मग गच्ची बघा, घाईने सगळी गच्ची फोडू नका. तपासायला माणूस हवा असेल तर हा नंबर, आमच्या या भागाचे हे प्रायोजक आहेत, त्यांनी आम्हाला पैसे दिलेत. पन्नास सेकंद. कंत्राटदाराला "एकमेव नाव" गेल्याचं वाईट वाटलं, पण ऐकून पुढे काही बोलला नाही.

पैसे दिल्याचं स्पष्ट सांगणं हा आमचा साधेपणा नव्हे. एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ऑडिओत जाहिरात असेल तर ते सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी-नंतर सांगायचं. आम्ही भागाच्या पहिल्या वाक्यात आणि निरोप घेताना सांगतो, मधल्या पन्नास सेकंदांच्या दोन्ही बाजूंनाही सांगतो.

ते पन्नास सेकंद भागात कुठे ठेवायचे यावरही आम्ही चुकलो. पहिल्या दोन भागांत अगदी सुरुवातीला ठेवले होते. भाग कुठपर्यंत ऐकला जातो याचा आलेख पाहिला तर पहिल्याच मिनिटात खड्डा, लोक पंधरा-पंधरा सेकंद पुढे उड्या मारत होते. तिसऱ्या भागापासून पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर संपल्यावर, साधारण सहाव्या मिनिटाला ठेवले. तिथे घसरण जवळजवळ दिसत नाही. तोवर जे टिकलेत ते ऐकायलाच बसलेले असतात.

फोन मोजता यावेत म्हणून त्याने वेगळं सिमकार्ड घेतलं. आमच्या भागात फक्त तोच नंबर. हे त्याच्याकडून करून घेतलं नसतं तर पुढची बोलणी "वाटतंय, आले असतील काही" अशी झाली असती. तीन महिन्यांत १९ फोन आले. त्यांतले सात ठिकाणी जाऊन बघण्यापर्यंत गेले. एक काम सप्टेंबरात ठरलं, साडेपाच लाखांचं. पावसाळ्यात कमिटीने गळती बघितली, सभेत विषय घेतला, ठराव झाला, मग काम. सोसायटी पैसे खर्च करते ती याच गतीने, त्यामुळे तीन महिन्यांनी हिशेब मागितला असता तर उत्तर शून्य आलं असतं. ते त्याला आधीच ठाऊक होतं हे आमचं नशीब.

पण १९ पैकी सहा फोन नागपूर, नाशिक, पुणे, लातूर इथले होते. त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. मराठी पॉडकास्ट राज्यभर ऐकला जातो याचं आपल्याला कौतुक असतं, पण स्थानिक प्रायोजक त्यातल्या एका तुकड्याचेच पैसे देत असतो आणि आपण त्याला सगळ्यांचे विकत असतो. होस्टिंगमध्ये ठरावीक भागातल्या श्रोत्यालाच जाहिरात ऐकवायची सोय आहे, ती आम्ही वापरून पाहिली. मोबाइल डेटावर ऐकणाऱ्याचं ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखायचं तर फार ढोबळ कळतं. कोल्हापूरला बसलेली माझी मैत्रीण आमच्या आकडेवारीत मुंबईची निघाली. नाद सोडला.

दुसरा प्रायोजक अगदी उलट प्रकारचा. सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी, तिला राज्यभरातला कुठलाही खजिनदार चालतो. तिला आम्ही सभेचा हंगाम विकला: जुलै ते ऑक्टोबर, आठ भाग, भागाला ४,०००. इथे बोलणी माणसाशी नाही तर ईमेलवर झाली. ३०-दिवसांचे आकडे मागितले, होस्टिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट मागितले आणि जीएसटी नंबर मागितला. नंबर आमच्याकडे नाही. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, हे लिहून पाठवल्यावर मिटलं. एकच बिल ३२,००० चं. त्यातून दहा टक्के टीडीएस कापून २८,८०० आले, तेही बिलानंतर ९७ दिवसांनी. आमच्या सीएचं म्हणणं होतं की जाहिरात हे कंत्राट धरून एक टक्काच कापायला हवा होता. कंपनीच्या अकाउंट्सवाल्याने व्यावसायिक सेवा धरली. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर जमा दिसते, ती विवरणपत्र भरताना हिशेबात येते. फक्त तीन महिने ते पैसे आलेले नाहीत हे धरून चाला. आमचं त्या काळातलं होस्टिंगचं बिल माझ्या पगारातून गेलं.

कंत्राटदार फेब्रुवारीत परत आला, पावसाळ्याआधीच्या महिन्यांपुरता. मार्चअखेर त्याचे चार भाग झाले, बारा हजार. सगळे मिळून प्रायोजकांचे ६२,००० आणि २४ पैकी १८ भागांना प्रायोजक. नोव्हेंबर ते जानेवारी कुणीही नाही. आम्ही विचारलं होतं, पण त्या महिन्यांत सोसायट्या झोपलेल्या असतात आणि त्यांना विकणारेही.

डिसेंबरात एक फोन आला, तो मात्र सांगितलाच पाहिजे. पुनर्विकास करणाऱ्या एका बिल्डरच्या ऑफिसातून. "आमच्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलवा, पुनर्विकासावर मनमोकळ्या गप्पा. ७५,००० देऊ." जाहिरात नको, प्रायोजक म्हणून उल्लेखही नको, फक्त गप्पा. वर्षभरातल्या सगळ्या प्रायोजकांनी मिळून जेवढं दिलं त्याहून जास्त, एका तासाचे. मी मोहात पडले हे लपवत नाही. नवा माइक, नवा साउंड कार्ड, सगळं डोळ्यांसमोर आलं. मामा शांतपणे म्हणाले, "ज्याची वही तपासायची त्याच्याकडे चहासुद्धा घ्यायचा नाही, हे मी पस्तीस वर्षं पाळलं. आता काय करतेस बोल." आमचे श्रोते कोण? ज्यांच्या सोसायटीत बिल्डर प्रस्ताव घेऊन आलाय असे सेक्रेटरी. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ च्या पुनर्विकासाच्या निर्देशांवर आमचे चार भाग आहेत, आणि ते सगळे टेबलाच्या याच बाजूला बसून केलेले. मी मध्यम मार्ग काढला. परत फोन करून सांगितलं की साहेबांना बोलवू, प्रश्न आम्ही ठरवू आणि पैसे घेतल्याचं सुरुवातीला आणि शेवटी सांगू. "विचारून कळवतो," म्हणाले. अजून विचारताहेत.

असा प्रस्ताव प्रत्येक विषयाच्या पॉडकास्टला कधी ना कधी येतोच. ज्याला आपल्या श्रोत्याची सगळ्यात जास्त गरज असते, तो पुष्कळदा श्रोत्याच्या समोरच्या बाजूचा असतो.

आता श्रोत्यांकडून आलेल्या पैशांकडे वळते. इथे आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, परदेशी व्यासपीठावरचं मासिक सदस्यत्व, डॉलरमध्ये. पाच महिन्यांत चार जण आले, चौघेही परदेशात राहणारे आणि इकडे फ्लॅट असलेले. इथल्या लोकांची कार्डं दुसऱ्या महिन्यात अडकायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी ग्राहकाची आगाऊ परवानगी नीट नोंदलेली लागते, आणि परदेशी व्यासपीठांवर ते सुरळीत होईलच असं नाही. ते आम्ही या वर्षाच्या आधीच बंद केलं.

दुसरी, यूपीआयचा क्यूआर. "भाग उपयोगी पडला तर चहा पाजा." यूपीआयवर आपल्याला काही कापलं जात नाही, शंभर दिले तर शंभर येतात. वर्षात ३१ जणांनी मिळून ७,३४० रुपये पाठवले. ते कधी आले हे बघण्यासारखं आहे. त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच भागानंतरच्या आठवड्यात आले. थकबाकीदार सभासदावर वसुलीची कारवाई कशी करायची, कुठला अर्ज कुठे द्यायचा, असा तो भाग होता. एकाने ५०१ पाठवले आणि खाली लिहिलं, "वकिलाचे पंधरा हजार वाचले." बाकी महिन्यांत कधी ५१, कधी १०१. चहा हा कृतज्ञतेचा पैसा आहे, तो उमाळ्याने येतो आणि ओसरतो. त्याच्या भरवशावर होस्टिंगचं बिल ठेवता येत नाही. शिवाय तो माझ्या खासगी खात्यात दूधवाल्याच्या आणि लाइटबिलाच्या गर्दीत येत होता. मार्चमध्ये पासबुक घेऊन बसले तेव्हा मामांनी जे तोंड केलं ते आठवून अजून लाज वाटते. वेगळं खातं पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं.

एक गोष्ट सीएने सुधारली. आम्ही क्यूआरखाली "देणगी" लिहिलं होतं. त्यांनी ते काढायला लावलं. आपण धर्मादाय संस्था नाही, देणाऱ्याला करसवलत मिळणार नाही, आणि आपल्या बाजूने हे कामाचंच उत्पन्न आहे, ते तसंच दाखवायचं. आता तिथे "पाठबळ" लिहिलंय.

तिसरी गोष्ट चालली: वर्षाचं सदस्यत्व, ५०० रुपये. महिन्याला ५० ठेवावं असा आधी विचार होता. पाच-सहा श्रोत्यांना विचारलं तर "आपोआप कापायची परवानगी" हे शब्द ऐकूनच ते मागे सरकले. एकदाच पाचशे द्यायला त्यांची हरकत नव्हती. बदल्यात काय? जास्तीचे भाग द्यायचे नाहीत हे आम्ही आधीच ठरवलं, कारण महिन्याला दोन भाग करतानाच आमची दमछाक होते. सदस्यांसाठी महिन्यातून एक तास ऑनलाइन प्रश्नोत्तरं, आणि सभेची नोटीस, इतिवृत्त, थकबाकीचं पत्र असे मामांनी स्वतः तयार केलेले मसुदे. ते त्यांच्याकडे तयारच होते.

महिन्याला आमचा पॉडकास्ट वेगवेगळे असे साधारण २,४०० जण ऐकतात. सदस्य झाले ४१. शंभरातले दोनसुद्धा नाहीत. आम्ही मनात शंभर जण धरले होते, त्यामुळे पहिल्या महिन्यात निराश झालो. आता नवीन कुणी विचारलं तर मी महिन्याच्या श्रोत्यांचा एक टक्का धरायला सांगते, वर आले तर आनंद. ४१ पैकी १५ जणांनी पावती मागितली, कारण पैसे कमिटीच्या खर्चात टाकायचे होते. रीतसर क्रमांकाची पावती सुरू केली, तसे आणखी चार आले. पेमेंट गेटवे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतो, २०,५०० वर पाचशेच्या आत. खरी परीक्षा वर्ष संपल्यावर झाली. आठवण करून देऊनही २२ जणांनीच नूतनीकरण केलं. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कमिटीतली मुदत संपली होती. म्हणजे आहे तेवढेच सदस्य राखायचे तरी दरवर्षी वीसेक नवे शोधायचे.

यूट्यूबचं थोडक्यात. तेच भाग आम्ही तिथे एका स्थिर चित्रावर टाकतो. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं, ही अट आम्ही फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरी केली. या वर्षात जुने-नवे भाग मिळून एक लाख दहा हजार व्ह्यूज झाले आणि खात्यात जमले ७१ डॉलर. शंभर झाल्याशिवाय पैसे पाठवले जात नाहीत. म्हणून या वर्षाच्या हिशेबात यूट्यूबसमोर शून्य आहे.

तर वर्षाची बेरीज: प्रायोजक ६२,०००, चहा ७,३४०, सदस्य २०,५००. एकूण ८९,८४०. खर्च ४२,००० च्या किंचित वर. त्यात सगळ्यात मोठं होस्टिंग, १५,१००. फुकट होस्टिंग मिळतं, पण प्रायोजकाला दाखवण्याजोगे आकडे हवेत म्हणून आम्ही हे ठेवलं. ऑफिसच्या कामामुळे मला जमले नाहीत ते दहा भाग एका मुलाकडून एडिट करून घेतले, त्याचे १२,०००. बाकी पोस्टर, पाहुण्यांचा प्रवास, एक हेडफोन. उरले साधारण पावणेअठ्ठेचाळीस हजार. मामा आणि मी निम्मेनिम्मे, म्हणजे प्रत्येकी महिन्याला दोन हजारांना दहा कमी.

मामांनी तासांची वही ठेवली होती, सवयच ती. भागांवर २६४ तास आणि प्रायोजक, सदस्य, पावत्या, आठवणी यांवर ९०. तासाला १३५ रुपये पडले. यातले नव्वद तास मला आधी दिसलेच नव्हते. पैसे मिळवायला लागलं की पैसे मिळवण्याचंही काम लागतं, आणि मला ते एडिटिंगपेक्षा जास्त थकवतं.

हे आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आमच्या एका श्रोत्याच्या मागे साठ-सत्तर फ्लॅट उभे असतात, म्हणून कुणीतरी भागाला तीन-चार हजार देतो. कथा सांगणाऱ्या पॉडकास्टला आमच्या पाचपट श्रोते असले तरी असा प्रायोजक सापडणं अवघड, कारण कथा ऐकणाऱ्याला नेमकं काय विकायचं हेच कुणाला ठरवता येत नाही. तसल्या पॉडकास्टने आधी सदस्यांकडे बघावं. तिथे लोकांचा त्या आवाजावर जीव जडतो, आमच्याकडे मसुद्यावर जडतो.

फेब्रुवारीत कंत्राटदार परत आला तेव्हा त्याची एकच अट होती: बाहेरगावचे फोन नकोत. मामांनी नवीन जाहिरातीत सांगून टाकलं, "हे फक्त ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत काम करतात, बाकीच्यांनी फोन करून त्यांचा वेळ घेऊ नये." मार्चअखेर अकरा फोन आले, त्यांत बाहेरचा एकच. पण नागपूरहून एका सेक्रेटरीबाईंचा ईमेल मात्र आला: "काका, आमच्या गच्च्या गळत नाहीत का?" खाली त्यांनी त्यांच्या सोसायटीचं काम केलेल्या तिथल्या कंत्राटदाराचा नंबर दिला होता. मामा म्हणाले, आधी त्याने केलेली दोन कामं कुणीतरी बघून या म्हणावं, मग बोलू. बाईंनी पुढच्याच रविवारी दोन गच्च्यांचे फोटो पाठवले, एका फोटोत कोपऱ्यात ओल दिसत होती. मामांनी त्यावर लाल पेनाने गोल करून परत पाठवलाय.